कुरड्या उचलल्या का

माझ्या अंगणाच्या पश्चिमेला एक कमरेएवढी भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे भाईंचं खळं. भाई म्हणजे आमचे शेजारी, माझ्या नवऱ्याच्या वर्गातले, जन्मापासून याच गल्लीतले. त्यांच्या खळ्यात हळदीला पॉलिश करायचं ड्रम आहे. शिजवून वाळवलेली हळद त्या जाळीदार पत्र्याच्या ड्रममध्ये टाकायची, ट्रॅक्टरला जोडून फिरवायची, की वरची साल घासून निघते आणि हळकुंड पिवळंधमक होतं. निघालेली साल मात्र धूळ होऊन उडते. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा. म्हणजे भाईंची हळद चमकते आणि तिची धूळ माझ्या अंगणात येते.

एरवी माझं काही म्हणणं नसतं. हळदीची धूळ अंगाला लागली तर आमच्या हिंगोली जिल्ह्यात कोणी तक्रार करत नाही. पण नवरा गेल्यावर मी कुरड्या आणि पापड करायला लागले, आणि कुरड्या पांढऱ्याच असाव्या लागतात.

नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले होते, "वहिनी, तुमी काहून काळजी करून राहिल्या? आमी हाव ना." ते मनापासून म्हणाले होते, हे मी आजही मान्य करते. पण दिराच्या घरात जावेच्या हाताखाली बसून पोळ्या लाटायच्या, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी तापट आहे असं सगळे म्हणायचे. तेव्हा होते. तर माझं स्वतःचं काहीतरी असावं म्हणून या कुरड्या. उन्हाळ्याचे तीन महिने करायच्या आणि हिंगोलीच्या बाजारात एका दुकानदाराला द्यायच्या. त्यावर माझी चूल वर्षभर माझीच राहायची. त्यासाठी मला एकच गोष्ट हवी होती, हे अंगण आणि त्यावरचं स्वच्छ ऊन.

पहिल्याच उन्हाळ्यात दुकानदारानं माझी पिशवी उघडून पाहिली आणि विचारलं, "बाई, ह्या कुरड्या हाय का हळदीकुंकवाचं सामान?" दुकानातली चार माणसं हसली. मी पिशवी उचलून एसटीनं परत आले आणि सरळ भिंतीपाशी गेले. ड्रम फिरत होतं. त्या आवाजात मी काय काय ओरडले ते भाईंना ऐकू गेलं नसावं, कारण ते हात कानाशी नेऊन नुसते "काय? काय?" करत होते. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला तेव्हा माझं बोलून संपलं होतं आणि मला परत पहिल्यापासून ओरडावं लागलं. दुसऱ्यांदा तितका जोर येत नाही.

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकानं कागद बघून सांगितलं की जागा त्यांची, मशीनची परवानगी त्यांची, कोणाची मनाई नाही. "त्यांनी दिवसभर चालवलं तरी कोणी काही म्हणू शकत न्हाई. तुमी त्यांनाच विचारा." मला वाईट वाटलं, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. हक्क त्यांचा. विचारायचं मी.

मग मी विचारायला गेले. भाईंच्या ओट्यावर चाची, म्हणजे भाईंची आई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. भाई म्हणाले, "भाभी, मला दिवसाच करायची हौस न्हाई. पण संध्याकाळी करायचं तर उजेड लागतो. आन् माणसं थांबत न्हाईत, त्यांना चहा लागतो." मी मनातल्या मनात तोलून बघितलं. त्यांची हळद चार तास थांबली तर तिचं काही बिघडत नाही. माझा चीक थांबत नाही. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, गाळायचा, रात्रभर चीक बसू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून शिजवायचा आणि गरम असतानाच साच्यातून पाडायचा. त्या दिवशी ऊन मिळालं नाही तर तो आंबतो. त्यांची तकलीफ एका बल्बाची होती आणि माझी अख्ख्या उन्हाळ्याची.

म्हणून मी माझ्या घराच्या मागच्या भिंतीला, त्यांच्या खळ्याकडे तोंड करून, एक मोठा बल्ब लावला. वीज माझी. माणसांचा चहा माझा. ते चारनंतर ड्रम चालवणार. बोलणं चाचींचे तांदूळ निवडून होण्याआधी संपलं. कागद नाही, पंच नाही. तेव्हापासून रोज चारच्या सुमाराला भाई भिंतीशी यायचे आणि विचारायचे, "भाभी, कुरड्या उचलल्या का?" तोवर मी बाजांवरच्या कुरड्यांच्या चादरी गुंडाळून घरात घेतलेल्या असायच्या. "उचलल्या" म्हटलं की ट्रॅक्टर सुरू.

रमजान उन्हाळ्याच्या तोंडाला येऊ लागला तेव्हा पंचाईत झाली. रोजा धरून संध्याकाळी ड्रमवर कोण उभं राहणार? भाई भिंतीशी आले. मी म्हटलं, "पहाटेची सहेरी झाल्यावर करा, ऊन चढायच्या आत आटपा. मी नंतर पाडते." एवढंच. महिनाभर तसं चाललं आणि ईद झाल्यावर परत चार वाजता. ईदेला मी कुरड्या पाठवल्या, त्यांच्याकडून शीरखुर्मा आला. ते करारात नव्हतं.

पुढे गावात दुसऱ्याच कोणाच्या तरी भुशाच्या मशीनवरून भांडण पेटलं आणि ग्रामसभेनं ठराव केला. वस्तीत शेजारच्या घराची लेखी संमती असल्याशिवाय मशीन चालवायचं नाही. ग्रामसेवक मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "आता तुमचं पारडं जड झालं बाई. तुमी न्हाई म्हणलं की ड्रम बंद."

मी दोन दिवस त्या विचारात फार खुशीत होते, हे खोटं कशाला बोलू. नवरा गेल्यापासून कोणी माझ्याकडे काही मागायला आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाई आले. भिंतीशी नाही, पुढच्या दारानं, टोपी घालून. म्हणाले, "भाभी, आता सांगा." मी काय सांगणार होते? ड्रम अजिबात बंद करून मला काय मिळणार होतं? चारनंतर माझ्या अंगणात काहीच नसतं. मी म्हटलं, बल्ब तुमच्या भिंतीला लावा, वीज तुमची, चहा तुमचा, आणि माझा गहू तुमच्या ट्रॅक्टरनं गिरणीला नेऊन आणा. ते हो म्हणाले. मी संमतीवर सही केली. दुसऱ्या दिवशी बल्ब इकडच्या भिंतीवरून तिकडच्या भिंतीवर गेला आणि ड्रम चारलाच सुरू झालं, पहिल्यासारखं.

मला त्या वेळी याची गंमत वाटली होती. हक्क त्यांचा होता तेव्हाही चार, माझा झाला तेव्हाही चार. बदललं ते एवढंच, की उपकार कोणी मानायचे.

एकदा तर हक्क माझा असून ड्रम भर दुपारी फिरलं. हळदीचा व्यापारी गाडी घेऊन दारात उभा, माल त्याच दिवशी मोंढ्याच्या बाजारात पोचवायचा होता. भाई घामाघूम होऊन आले. माझ्या त्या दिवशी दोनच चादरी पडल्या होत्या. मी म्हटलं, "एवढंच ना? वाया गेलेला गहू भरून द्या." चादरी गुंडाळल्या, ड्रम फिरलं, संध्याकाळी गव्हाचं पोतं दारात आलं. दोन चादरींच्या बदल्यात पोतं म्हणजे मीच लुटलं म्हणायची. भाई हसत म्हणाले, "भाभी, तुमी मोंढ्यात बसायला पाहिजे होतं."

त्यानंतर डोंगरावर खडीकेंद्र आलं.

आमच्या गावाच्या पश्चिमेला बोडकी टेकडी आहे. मोठ्या रस्त्याच्या कामाला खडी पाहिजे होती, म्हणून तिथं दगड फोडायची मशीन बसली. सकाळी सुरू होते ती दिवे लागेपर्यंत. धूळ पिवळी नाही, राखाडी. ती माझ्या अंगणात येते, मारुतीच्या पारावर येते, तुरीवर, गव्हावर, जनावरांच्या कडब्यावर येते. कुरडईवर पडली तर दिसतसुद्धा नाही. तळल्यावर दाताखाली कचकच लागते तेव्हा कळतं. दुकानदारानं यावेळी थट्टा केली नाही. "बाई, गिऱ्हाईक परत आणून देऊन राहिलं," एवढंच म्हणाला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? माणूस ओळखायचा, त्याचं काय अडतं ते बघायचं, आपलं काय जातं ते सांगायचं. बल्ब, चहा. मी एका डब्यात चांगल्या, धुळीआधीच्या कुरड्या भरल्या आणि भाईंना म्हटलं, चला माझ्यासोबत.

भाई जरा घुटमळले. त्याचं कारण मला माहीत होतं आणि त्यांनीही लपवलं नाही. त्यांचा ट्रॅक्टर चारपर्यंत मोकळा असायचा, आमच्या चारच्या बोलीमुळेच. तो आता तेवढा वेळ टेकडीवरून खडी वाहत होता. "भाभी, माझं तर त्यानं पोट भरून राहिलंय. आन् हळदीवर धूळ बसली तरी ती ड्रममध्ये निघूनच जाते. माझं नुकसान काईच न्हाई." मग टोपी घातली आणि म्हणाले, "पण चला."

खडीकेंद्राचा मॅनेजर परगावचा, तरणा, बोलायला नम्र. त्यानं खुर्च्या दिल्या, डबा घेतला, एक कुरडई मोडून तशीच खाल्ली. मी सांगितलं, दिवसा दोन वेळा पाण्याचा टँकर फिरवून दगडावर फवारा मारा, धूळ बसते. तो म्हणाला, "बराबर आहे. मला माहीत आहे. टँकरचा खर्च काही फार नाही. गावाचं जेवढं नुकसान होतंय ते टँकरपेक्षा किती तरी जास्त आहे, तेही मला दिसतं." मी भाईंकडे पाहिलं. काम झालंच असं मला वाटलं.

"पण मावशी," तो म्हणाला, "आज तुमच्यासाठी फवारा मारला तर उद्या गहूवाला येणार, परवा विहीरवाला, तेरवा म्हशीवाला. प्रत्येक जण वेगळं मागणार. मालक म्हणतात, अख्ख्या गावानं एकत्र यावं, एकदाच काय ते ठरवावं, वाटलं तर टँकरला हातभार लावावा, आणि त्यानंतर कोणी गाडी अडवायची नाही. सगळ्यांच्या सह्या आणा, दुसऱ्या दिवशी टँकर आणतो."

मी विचारलं, "हातभार आमी काहून लावायचा? धूळ तुमची."

"डोंगर आम्ही घेतलेला आहे," तो म्हणाला.

"अर्धा डोंगर गायरान हाय," भाई म्हणाले.

मॅनेजर हसला. त्याचं हसू उर्मट नव्हतं. त्यालाही ठाऊक नव्हतं एवढंच. गायरानाची हद्द कधी मोजलेलीच नव्हती. मी सेनगावला तहसीलला गेले, तिथून हिंगोलीला खनिजाच्या ऑफिसला, तिथून धुळीचं ऑफिस वेगळं आहे असं कळलं, ते आणखी लांब. प्रत्येक ठिकाणी चांगलं बोलले. एकानं पंखा माझ्याकडे वळवला. पण भाईंना ड्रम चालवायचा हक्क आहे की मला तो अडवायचा, हे ग्रामसेवकानं जसं उभ्या उभ्या सांगितलं होतं, तसं इथं कोणी सांगेना. गावानं मागायचं की मालकानं मागायचं, बल्ब कोणाच्या भिंतीला लावायचा, हेच ठरेना.

तरी आम्ही समाजमंदिरात गाव जमवलं. मी बोलले. माझ्या मते चांगली बोलले. सगळे माना हलवत होते.

डोंगराच्या पायथ्याला ज्याचं शेत, त्याच्यावर सगळ्यात जास्त धूळ. तो उठून म्हणाला, "माझ्या सहीबिगर तर काईच होत न्हाई ना? मग मालकाला म्हणा आधी माझ्या वावरात बोअर मारून द्या." खालच्या आळीचे म्हणाले, "तुमी करा. झालं तर आमालाबी होईलच की. टँकरला हातभार मात्र आमच्याच्यानं व्हणार न्हाई." कोणाच्या पोराला तिथं काम लागलं होतं, तो उठून बाहेर बिडी ओढायला गेला. ज्याच्या गव्हावर धूळ नव्हतीच तो म्हणाला की सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच आहे. माझे दीर सही करायला तयार होते, पण भावकीतल्या ज्याच्याशी त्यांचं बांधावरून वैर, त्याच्या सहीच्या खाली करायची नाही म्हणाले. मी म्हटलं, वर करा. वरची जागा भरली होती.

सह्या करणाऱ्यांत भाई होते. ज्याचं काही जात नव्हतं आणि ज्याचा ट्रॅक्टर खडीवर होता त्यानं सगळ्यात आधी सही केली. मी एकदाही त्यांना धन्यवाद म्हटलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही, आणि मला सुचलंही नाही.

आणखी दोन बैठका झाल्या. दर बैठकीला आधीच्यापेक्षा कमी लोक आले आणि आलेल्यांच्या मागण्या वाढल्या. भिंतीवरच्या बोलण्यात आम्ही दोघं होतो. मला भाईंचं काय अडतं ते दिसत होतं, त्यांना माझं. इथं कोणाचं खरंच काय जातं हे कोणी खरं सांगत नव्हतं, कारण खरं सांगून कोणाचा फायदा नव्हता. शेवटच्या बैठकीला मी, भाई आणि समाजमंदिराची किल्ली ज्याच्याकडे असते तो, असे होतो. त्यानं कुलूप लावलं आणि आम्ही घरी आलो.

माझा भाऊ शिरड शहापूरला असतो. तो म्हणाला, ताई, इकडे येऊन कर. पण चीक काही एसटीनं नेता येत नाही, आणि मला माहेरी राहायला जायचं नव्हतं. ते दिराकडे जाण्यासारखंच झालं असतं, फक्त उलट्या दिशेनं. मी घरात पंख्याखाली वाळवून पाहिल्या. काळ्या पडल्या. जाळीचं कापड टाकून पाहिलं, धूळ त्यातून येते, ऊन मात्र कमी येतं. त्या उन्हाळ्याच्या मध्येच मी साचा धुऊन, पुसून, फळीवर ठेवला.

मला त्या दिवशी राग यायला हवा होता. मी रागाची वाट पाहत ओट्यावर बसले, चहा करून घेतला, तोही गार झाला. मी तापट बाई, भिंतीवरून ओरडलेली. काही आलं नाही. दुःखही म्हणावं असं झालं नाही. नवरा गेला तेव्हाही पहिले काही दिवस असंच झालं होतं, मग एक दिवस रडू आलं होतं. याच्यासाठी अजून आलेलं नाही आणि मला वाटतं येणार नाही. कोणाच्या नावानं रडायचं? कोणी माझं काही हिसकावून घेतलं असं मी कोणाकडे बोट दाखवून म्हणू शकत नाही. सगळे जण माझ्याशी नीटच बोलले.

आता मी शाळेत खिचडी शिजवते. काम वाईट नाही. लेकरं ताट घेऊन रांगेत उभी राहतात आणि वाढलं की जातात. पण सुटीच्या दिवसांत हाताला काम नसतं, आणि गेल्या उन्हाळ्यात दोन महिने धान्य दिरांकडून आलं. जाऊबाईंनी पोतं स्वतः आणून ठेवलं. मी पोत्याचं तोंड सोडलं, धान्य डब्यात भरलं आणि रिकामं पोतं झटकून, घडी घालून परत केलं.

खडीकेंद्र चालू आहे. मॅनेजर बदलला. रस्ता चांगला झाला, हिंगोलीला आता लवकर पोचता येतं.

अंगण रिकामं असतं. चादरी मी घालत नाही, बाजा उभ्या करून ठेवल्या आहेत, आणि भिंत कमरेएवढीच असल्यानं हे पलीकडून सगळं दिसतं. उन्हाळ्यात चारच्या सुमाराला टेकडीवरून भाईंचा ट्रॅक्टर परत येतो. ते तो खळ्यात लावतात, ट्रॉली सोडतात, ड्रमला जोडतात. त्यांचा बल्ब त्यांच्या भिंतीला आहे, माणसं आलेली असतात, हळद भरलेली असते. मग ते भिंतीशी येतात, हात पुसतात, रिकाम्या अंगणाकडे बघतात आणि विचारतात,

"भाभी, कुरड्या उचलल्या का?"

मी ओट्यावरून म्हणते, "उचलल्या."

तेव्हा ते वळतात आणि ट्रॅक्टर सुरू करतात.